व्हँकोमायसिनची सलाईन इतकी सावकाश का? एका घड्याळाची गोष्ट

वॉर्डात आपल्या माणसाच्या उशाशी बसून सलाईनचे थेंब पाहत राहण्याची वेळ तुमच्यापैकी अनेकांवर आली असेल. एक बाटली संपते, दुसरी लागते आणि त्यातली एखादी इतकी संथ चालते की आपला धीर सुटतो. नळीवरचे ते छोटे चाक जरा सैल करावे, म्हणजे लवकर सुटका होईल, असा मोह होतो.

माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत असेच घडले. साधारण पंचेचाळिशीचा, साठ किलो वजनाचा गृहस्थ. अपघातात पायाचे हाड मोडले होते, प्लेट बसवली होती आणि काही आठवड्यांनी त्या जागी पू झाला. पुवाच्या तपासणीत 'एमआरएसए' हा जंतू सापडला. नेहमीची पेनिसिलिनच्या कुळातली औषधे त्याच्यावर चालत नाहीत. म्हणून व्हँकोमायसिन सुरू केले, दर बारा तासांनी एक ग्रॅम, २५० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून. पहिले दोन डोस व्यवस्थित गेले. तिसरा डोस संध्याकाळी लागला. त्याच वेळी घरून डबा आला होता. मेहुण्याने सलाईनकडे पाहिले आणि "हे काय, रात्र होईल अशानं," म्हणत चाक फिरवले.

पंधरा मिनिटांत रुग्ण डोके खाजवू लागला. मग मान, छाती, पाठ. चेहरा आणि कान तापल्यासारखे झाले, पाठीत कळ येऊ लागली, घाबरल्यासारखे वाटू लागले. सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी चाक बंद केले आणि मग रक्तदाब पाहिला. तो ९० वर आला होता. बाटलीतले सुमारे ११० मिलिलिटर संपले होते. औषध परत सुरू करायचे की नाही हे ठरायच्या आधीच केसपेपरवर कोणीतरी लाल शाईने लिहून टाकले होते: 'व्हँकोमायसिनची ॲलर्जी'.

ते लिहिणे चुकीचे होते. का, ते समजण्यासाठी या औषधाचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. डॉक्टरांनाही हे एका दिवसात कळलेले नाही. आधी दोष औषधातल्या गाळाला दिला, मग रुग्णाच्या शरीराला. खरा दोष घड्याळाचा होता, हे बऱ्याच उशिरा लक्षात आले.

बोर्निओची माती

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पेनिसिलिनची जादू ओसरू लागली होती. विशेषतः रुग्णालयांमध्ये स्टॅफिलोकोकस हा जंतू पेनिसिलिनला दाद देईनासा झाला. हा जंतू त्वचेवर आणि नाकात राहतो आणि संधी मिळताच जखमेत, हाडात, रक्तात शिरतो. नव्या प्रतिजैविकांचा शोध तेव्हा मातीत घेतला जाई, कारण मातीतले सूक्ष्मजीव एकमेकांना मारण्यासाठी स्वतःची रसायने तयार करत असतात.

अमेरिकेतल्या एलाय लिली या कंपनीत एडमंड कॉर्नफेल्ड नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. बोर्निओच्या जंगलात काम करणाऱ्या एका ओळखीच्या मिशनऱ्याने त्यांना तिथल्या मातीचा नमुना पाठवला. त्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला पदार्थ पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसलाही मारत होता. आणखी एक गोष्ट संशोधकांना फार आवडली. प्रयोगशाळेत जंतूंना पुन्हा पुन्हा या पदार्थासमोर ठेवले, तरी त्यांना त्याची सवय सहजी होत नव्हती.

मात्र तो पदार्थ शुद्ध करणे जिकिरीचे होते. सुरुवातीचे औषध तपकिरी, गढूळ दिसायचे. कंपनीतल्या लोकांनी त्याला 'मिसिसिपीचा चिखल' असे टोपणनावच दिले होते. पुढे ते काहीसे शुद्ध झाले आणि 'जिंकणे, नामोहरम करणे' अशा अर्थाच्या 'व्हँक्विश' या इंग्रजी क्रियापदावरून त्याला व्हँकोमायसिन हे नाव मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकेत त्याला वापराची परवानगी मिळाली.

पहिला आरोपी: गाळ

परवानगीला जेमतेम वर्ष होत होते, तोच १९५९ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाला शिरेतून व्हँकोमायसिन देताना आलेल्या तीव्र प्रतिक्रियेची नोंद छापून आली. ॲलर्जीच्या झटक्यासारखीच दिसणारी ही प्रतिक्रिया होती. शिवाय थंडी वाजणे, ताप येणे, शीर सुजून दुखणे याही तक्रारी होत्याच.

त्या काळच्या डॉक्टरांचा तर्क तुम्हीही केला असता. औषध गढूळ आहे, त्यात सूक्ष्मजीवाच्या वाढीतून आलेली इतर द्रव्ये उरली आहेत, तेव्हा त्रास त्या गाळाचाच असणार. त्यात तथ्यही होते. थंडी-तापाचा आणि शीर सुजण्याचा बराचसा दोष अशुद्धतेकडे जातो.

पण हा प्रश्न सोडवायची निकड लवकरच संपली. १९६०च्या सुमारास मेथिसिलिन आले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर ते चालत होते आणि द्यायलाही सोपे होते. व्हँकोमायसिन मागे पडले. पेनिसिलिन अजिबात न चालणाऱ्या रुग्णासाठी, किंवा दुसरा इलाजच नसेल तर, ते कपाटातून बाहेर काढले जाई.

मग जंतूंनी मेथिसिलिनवरही मात केली. 'एमआरएसए' या नावातला 'एम' तो हाच. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून असे जंतू रुग्णालयांत फैलावू लागले आणि मागे पडलेल्या व्हँकोमायसिनची पुन्हा आठवण झाली. वापर झपाट्याने वाढला. मधल्या काळात शुद्धीकरणाच्या पद्धती सुधारल्या होत्या. १९८०च्या दशकात मिळणारे औषध आधीपेक्षा कितीतरी स्वच्छ होते.

गाळ हाच गुन्हेगार असता, तर आता लालीची तक्रार थांबायला हवी होती. ती थांबली नाही. थंडी-ताप कमी झाले, पण चेहरा-मान-छाती लाल होणे, खाज सुटणे, रक्तदाब खाली येणे चालूच राहिले. म्हणजे हा प्रकार व्हँकोमायसिनच्या स्वतःच्या गुणधर्मातून येत होता.

दुसरा आरोपी: ॲलर्जी

मग संशय ॲलर्जीवर गेला. ॲलर्जी म्हणजे नेमके काय, ते इथे थोडे पाहू. आपल्या त्वचेत आणि इतरत्र 'मास्ट पेशी' नावाच्या पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिन या रसायनाच्या पिशव्या भरलेल्या असतात. हिस्टामिन बाहेर पडले की रक्तवाहिन्या सैल होतात, त्वचा लाल आणि गरम होते, खाज सुटते. ते जास्त प्रमाणात सुटले तर रक्तदाब उतरतो.

खऱ्या ॲलर्जीत शरीराची त्या औषधाशी आधी ओळख झालेली असते. त्या ओळखीतून खास प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींवर पहारेकऱ्यांसारखी बसतात. औषध पुन्हा आले की हे पहारेकरी त्याला ओळखतात आणि पेशीला हिस्टामिन सोडायला लावतात. अशा ॲलर्जीत औषधाचा छोटा अंशही पुरतो. सावकाश दिले म्हणून धोका टळत नाही.

व्हँकोमायसिनची गोष्ट या चित्रात बसेना. ज्यांनी हे औषध जन्मात कधी घेतले नव्हते, त्यांनाही पहिल्याच डोसला त्रास होत होता. उलट पुढच्या डोसांना तो अनेकदा कमी होई. आणि त्याच रुग्णाला तेच औषध सावकाश दिले, तर बहुतेक वेळा काहीच होत नसे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी व्हँकोमायसिन घाईने देण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला, तेव्हा संशयाचे बोट वेगाकडे वळू लागले होते. काही मिनिटांत औषध शिरेत ढकलले, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो आणि क्वचित हृदय बंद पडू शकते, हा इशारा आज औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो.

आता हे सिद्ध करायचे होते, आणि त्यासाठी रक्तातले हिस्टामिन मोजणे आवश्यक होते.

अकरा निरोगी माणसे

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या रोनाल्ड पोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी अकरा निरोगी पुरुष स्वयंसेवक घेतले. त्यांना एकदा ५०० मिलिग्रॅम आणि एकदा १००० मिलिग्रॅम व्हँकोमायसिन दिले, दोन्ही वेळा एका तासात. ५०० मिलिग्रॅमला कोणालाच त्रास झाला नाही. १००० मिलिग्रॅमला अकरापैकी नऊ जण लाल झाले आणि खाजवू लागले. ज्यांच्या रक्तात हिस्टामिन जास्त चढले, त्यांना त्रासही जास्त झाला.

माणसे तीच, औषध तेच, वेळही तोच एक तास. बदलली ती एका मिनिटात शरीरात जाणारी मात्रा. ५०० मिलिग्रॅम एका तासात म्हणजे मिनिटाला सुमारे ८ मिलिग्रॅम. १००० मिलिग्रॅम एका तासात म्हणजे मिनिटाला जवळजवळ १७ मिलिग्रॅम.

दोन वर्षांनी, १९९० मध्ये, याच गटाने पुढचा प्रश्न विचारला. एक ग्रॅमच द्यायचे, पण एका तासाऐवजी दोन तासांत दिले तर? दहा निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही प्रकारे औषध दिले. एका तासात दिल्यावर दहापैकी आठ जणांना प्रतिक्रिया आली. दोन तासांत दिल्यावर तीन जणांना आली.

या आकड्यांबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, ही निरोगी माणसे होती. प्रत्यक्ष आजारी रुग्णांमध्ये हे प्रमाण बरेच कमी दिसते, तेव्हा 'दहातल्या आठांना होते' असे घरी जाऊन सांगू नका. दोन, दोन तास घेऊनही तिघांना त्रास झालाच. सावकाश देण्याने धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. म्हणूनच सलाईन बरोबर चालू असतानाही खाज सुटली, तर ती सांगायची असते.

हे नेमके घडते कसे, याचा उलगडा आणखी पंचवीस वर्षांनी झाला. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवले की मास्ट पेशींवर एक असे दार आहे, जे काही औषधे प्रतिपिंडांच्या मदतीशिवाय थेट उघडू शकतात. त्याचे नाव एमआरजीपीआरएक्स२. व्हँकोमायसिनही याच दाराने काम करते, हे पुढच्या संशोधनातून दिसले. पहारेकऱ्यांची ओळख लागत नाही, म्हणून पहिल्या डोसलाही त्रास होऊ शकतो. आणि औषधाची रक्तातली गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली तरच दार उघडते, म्हणून वेग महत्त्वाचा. थेंब थेंब आत येणारे औषध शरीरभर पसरत जाते आणि दारावर गर्दी होत नाही.

'किमान एक तास' म्हणजे नेमके किती?

आता आपल्या रुग्णाकडे परत येऊ. 'व्हँकोमायसिन किमान एक तास घेऊन द्यावे' हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते खरे आहे, पण अर्धे. माहितीपत्रकातला नियम दोन भागांचा आहे. मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेग नको, आणि एकूण वेळ एका तासापेक्षा कमी नको. या दोन्हींतून जी वेळ मोठी निघेल ती पाळायची.

तोंडी हिशोब करून पाहा. ५०० मिलिग्रॅमला मिनिटाला १० च्या वेगाने ५० मिनिटे लागतील. ती तासापेक्षा कमी आहेत, म्हणून तास धरायचा. एक ग्रॅमला १०० मिनिटे, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. गंभीर संसर्गात पहिला डोस मोठा देतात. तो दीड ग्रॅम असेल तर १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. एक तास ही खालची मर्यादा आहे. १९८८ आणि १९९०चे प्रयोग आठवले की लक्षात येईल, एक ग्रॅमसाठी नुसता एक तास म्हणजे घाईच.

आपल्या रुग्णाच्या बाटलीत २५० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम औषध होते, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम. सलाईनच्या साध्या सेटमधून साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. २५० मिलिलिटर म्हणजे ५००० थेंब. ते १०० मिनिटांत जायचे, तर मिनिटाला ५० थेंब. सिस्टरांनी तेवढेच लावले होते. मेहुण्याने चाक फिरवल्यावर पंधरा मिनिटांत ११० मिलिलिटर गेले. म्हणजे ४४० मिलिग्रॅम, मिनिटाला जवळजवळ ३०. ठरलेल्या वेगाच्या तिप्पट. आता त्या खाजेचे आश्चर्य वाटत नाही ना?

गंमत म्हणजे असे व्हायला कोणी चाक फिरवावेच लागते असे नाही. स्टँडवर टांगलेली सलाईन गुरुत्वाकर्षणावर चालते. हात कोपरात वाकलेला असताना थेंब जमवले आणि नंतर रुग्णाने हात सरळ केला, की तीच सलाईन धावू लागते. बाटली उंच टांगली तरी तसेच. दुसरी अडचण छोट्या बाटलीची. एक ग्रॅम औषध १०० मिलिलिटरच्या बाटलीत घातले, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम होते. मिनिटाला शंभर थेंब पडले तर ती बाटली वीस मिनिटांत रिकामी होते. बघणाऱ्याला वाटते, एवढीशी तर बाटली, पटकन संपेलच. म्हणून एरवी औषध मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा दाट करत नाहीत, म्हणजे एक ग्रॅमला किमान २०० मिलिलिटर. ज्या रुग्णाला पाणी मोजून द्यावे लागते, त्याच्यासाठी ते दाट करावे लागते. तेव्हा वेग यंत्राने, म्हणजे इन्फ्युजन पंपाने, नेमून देणे बरे.

तुम्ही विचाराल, इतके सावकाश दिल्याने औषधाचा जोर कमी होत नाही का? नाही. व्हँकोमायसिनचा परिणाम दिवसभरात जंतूंना एकूण किती औषध भेटले यावर ठरतो. एका क्षणी रक्तात ते किती उंच चढले यावर नाही. काही ठिकाणी तर ते चोवीस तास अखंड थेंबाथेंबाने देतात. त्यामुळे सावकाश देण्यात तुमचे नुकसान काही नाही. वाट पाहावी लागते, एवढेच.

नाव बदलले, आणि ते आपल्या कामाचे

या प्रतिक्रियेला १९८०च्या दशकात 'रेड मॅन सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. पाठ्यपुस्तकांत, वॉर्डात, परीक्षेत सगळीकडे तेच. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी तेच पाठ केले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून हे नाव सोडून द्यावे, असे सुचवले. तिथल्या मूळ रहिवाशांना हिणवण्यासाठी हे शब्द वापरले गेले होते, हे त्याचे एक कारण. आता 'व्हँकोमायसिन इन्फ्युजन रिॲक्शन', म्हणजे सलाईनमधून देताना येणारी व्हँकोमायसिनची प्रतिक्रिया, असे साधे नाव वापरतात.

दुसरे कारण आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. 'लाल' हा शब्द गोऱ्या कातडीवरून आला. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, त्यातून वॉर्डातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात तर नाहीच. नावात 'लाल' असले की पाहणारा लालीच शोधतो, आणि ती दिसली नाही की निश्चिंत होतो. माझ्या रुग्णाचा चेहरा नुसता पाहून मला फार काही कळले नसते. त्याने डोके खाजवायला सुरुवात केली आणि 'कानातून वाफा निघताहेत' असे म्हणाला, तेव्हा कळले.

म्हणून रंगापेक्षा रुग्णाच्या शब्दांवर विश्वास ठेवा. सलाईन सुरू झाल्यावर बहुधा पहिल्या काही मिनिटांत, कधी संपता संपता, डोक्याला, चेहऱ्याला, मानेला, छातीला खाज किंवा मुंग्या, आतून उष्णता, पाठीत किंवा छातीत आवळल्यासारखी कळ, चक्कर, कारण नसताना घाबरल्यासारखे वाटणे, ही लक्षणे आहेत. जो रुग्ण बेशुद्ध आहे, भुलीखाली आहे किंवा अगदी लहान बाळ आहे, तो हे सांगू शकत नाही. तिथे कर्मचाऱ्यांना रक्तदाबावर आणि वेगावर लक्ष ठेवावे लागते. मॉर्फिनसारखी वेदनाशामके, भूल देताना वापरली जाणारी स्नायू सैल करणारी काही औषधे आणि स्कॅनसाठी देतात तो डाय, यांनीही हिस्टामिन सुटू शकते. ती त्याच सुमारास दिली असतील तर त्रासाची शक्यता वाढते.

मग पुढे काय झाले?

सिस्टरांनी चाक बंद केले, हाच पहिला आणि सर्वांत मोठा उपचार होता. आम्ही रुग्णाचे पाय थोडे वर केले, साधी सलाईन दिली आणि हिस्टामिनला अटकाव करणारे इंजेक्शन दिले. श्वास नीट होता, छातीत शिट्टीसारखा आवाज नव्हता, जीभ-ओठ-घसा सुजलेले नव्हते, अंगावर गांधी उठल्या नव्हत्या. अर्ध्या तासात खाज ओसरली आणि रक्तदाब ११० वर आला.

श्वास लागला असता, घसा आवळला असता किंवा अंगभर गांधी उठल्या असत्या, तर आम्ही तिला खरी तीव्र ॲलर्जी समजून ताबडतोब ॲड्रेनॅलिन दिले असते. व्हँकोमायसिनची खरी ॲलर्जीही असते, क्वचित असली तरी. दोन्हींत रक्तदाब उतरू शकतो, म्हणून हा निवाडा घरच्यांनी करायचा नाही. तुमचे काम फक्त वेळेवर हाक मारण्याचे.

त्यानंतर आम्ही काय घडले त्याची विचारपूस केली. मेहुण्याने खाली मान घालून सांगितले. तो बिचारा मदतच करत होता. त्याला कोणी समजावलेच नव्हते की ही बाटली इतरांसारखी नाही. चूक आमचीही होती.

केसपेपरवरची लाल शाईतली ओळ आम्ही खोडली आणि त्या जागी लिहिले: 'व्हँकोमायसिन वेगाने गेल्यामुळे प्रतिक्रिया. ॲलर्जी नाही. पुढील डोस दोन तास घेऊन द्यावा.' हा शब्दांचा कीस नव्हता. हाडातल्या एमआरएसएसाठी त्याला कित्येक आठवडे औषध लागणार होते. 'ॲलर्जी' हा शब्द एकदा कागदावर चढला की रुग्णासोबत गावोगाव फिरतो. पुढचा डॉक्टर तो वाचून व्हँकोमायसिन बाजूला ठेवतो आणि दुसरे एखादे औषध निवडतो, जे कदाचित अधिक महाग असते किंवा त्या जंतूवर तितके चालत नाही. एका फिरवलेल्या चाकापायी माणूस एका कामाच्या औषधाला कायमचा मुकतो.

पुढचा डोस दोन तासांत गेला, मिनिटाला साधारण ४२ थेंबांनी. मेहुणा शेजारी बसून होता. काही झाले नाही. त्यापुढचेही डोस तसेच गेले.

सावकाश देण्याने या औषधाचे सगळेच प्रश्न सुटतात असे नाही. ते मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते, क्वचित कानांनाही, आणि त्यासाठी रक्ताच्या तपासण्या करून डोस ठरवावा लागतो. लालीचा या त्रासांशी संबंध नाही.

तुमच्या घरच्या कोणाला व्हँकोमायसिन लागले, तर सिस्टरांना एवढे जरूर विचारा: "ही बाटली किती वाजता संपायला हवी?" ती वेळ कागदावर लिहून ठेवा. बाटली त्याच्या बरीच आधी संपत आलेली दिसली, तर खाज सुटायची वाट न पाहता हाक मारा. आणि पूर्वी कधी व्हँकोमायसिनने खाज सुटली असेल, तर नव्या डॉक्टरांना 'ॲलर्जी आहे' एवढेच सांगून थांबू नका. काय झाले होते आणि औषध किती वेळात गेले होते, हेही सांगा. डिस्चार्ज कार्डावर तसे लिहून मागा. माझ्या रुग्णाच्या कार्डावर ते लिहिलेले आहे.